हीथ्रो ते नीस: दोन पेनं आणि अर्धा तास

17 जुलै 2016, सकाळ. हीथ्रो विमानतळ, लंडन

15 वर्षांची नताशा एडनान-लापरूस वडील आणि मैत्रिणीबरोबर सुट्टीसाठी फ्रान्समधल्या नीसला निघाली आहे. तिला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या वेष्टनावर तिळाचं नाव कुठेच नाही. तीळ पावाच्या पिठातच मळलेले होते, वरून दिसत नव्हते. दुकानातच बनवलेल्या पदार्थावर सगळे घटक छापण्याची सक्ती ब्रिटनमध्ये तेव्हा नव्हती.

पहिली खूण

सँडविच खाल्ल्यावर तिचा घसा खाजू लागतो. ती नेहमीचं अ‍ॅलर्जीचं औषध घेते. कुणीही तेच करेल. पण या औषधाने खाज आणि गांधी कमी होतात. सुजत चाललेला घसा त्याने मोकळा होत नाही, की खाली जाणारा रक्तदाब सावरत नाही. ते काम अ‍ॅड्रेनॅलिनचं. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी अ‍ॅलर्जीने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अन्नाच्या अ‍ॅलर्जीत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ 30 मिनिटं निघाला. म्हणजे निम्म्या रुग्णांना तेवढाही वेळ मिळाला नव्हता.

विमान आकाशात

अंगावर लाल चट्टे उठतात, मग श्वास अडू लागतो. चट्टे एकटेच असते तर वाट पाहता आली असती. आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, गिळता न येणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही दिसलं की लगेच अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन बाहेर काढायचं.

पहिलं पेन

वडील विमानाच्या शौचालयात तिच्या मांडीत इंजेक्शन देतात. मांडीच का? मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध मोठा, रक्ताने भरलेला स्नायू असतो. मुलांवरच्या एका अभ्यासात तिथे दिलेलं औषध सरासरी 8 मिनिटांत रक्तात सर्वोच्च पातळीला पोहोचलं. कातडीखाली दिलेल्याला 34 मिनिटं लागली.

पेन मुठीत धरायचं, आणि अंगठा कुठल्याही टोकावर ठेवायचा नाही. घाबरलेल्या माणसाने पेन उलटं धरून सुई स्वतःच्या अंगठ्यात मारल्याचे प्रसंग घडलेले आहेत. नताशाकडे होतं तशा पेनची निळी टोपी ओढून काढायची. नारिंगी टोक मांडीपासून वीतभरापेक्षा कमी, साधारण 10 सेंटिमीटर अंतरावर, काटकोनात धरायचं आणि जोरात दाबायचं. ‘खट्’ आवाज आला की तसंच 3 सेकंद दाबून ठेवायचं. पँट काढत बसू नये. सुई कापडातून जाते, फक्त शिवण आणि भरलेला खिसा टाळायचा. लहान मूल पाय झाडतं, म्हणून पाय आधी घट्ट धरावा. पेन उचलल्यावर नारिंगी आवरण लांब झालेलं दिसलं, तर सुई बाहेर येऊन गेली असं समजावं. इतर बनावटीच्या पेनांची टोपी आणि सेकंद वेगळे असतात, म्हणून आपल्या पेनवरची सूचना आधीच वाचून ठेवावी.

दुसरं पेन

फरक पडत नाही. वडील दुसरंही देतात. नियम असाच आहे: 5 मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरं पेन द्यायचं. म्हणूनच कायम दोन जवळ ठेवायला सांगतात.

या दोन पेनांच्या मधल्या काळात रुग्णाला आडवं झोपवायचं आणि पाय उंच करायचे. श्वासाला त्रास असेल तर पाय समोर पसरून बसवायचं. बरं वाटलं तरी उभं करायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही. रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. उभं राहताच रक्त पायांत साचतं आणि हृदयाला ढकलायला रक्तच उरत नाही. पम्फ्रींच्या नोंदींत उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही क्षणांत गेलेली माणसं आहेत. हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत कमी सांगितलं गेलेलं सत्य वाटतं. हात थरथरणं, छाती धडधडणं हा मात्र औषधाचा परिणाम. त्याला भिऊ नये.

नीस

नताशाचं हृदय बंद पडतं. विमानातला एक तरुण डॉक्टर तिची छाती दाबत राहतो. त्याच दिवशी नीसच्या रुग्णालयात तिचा मृत्यू होतो.

जे सावरतात त्यांनाही रुग्णालय टळत नाही. औषधाचा असर ओसरल्यावर काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो. म्हणून पहिल्या पेननंतर लगेच रुग्णवाहिका बोलवायची, आपल्याकडे 108 किंवा 112. वापरलेलं पेन आणि दिल्याची वेळ डॉक्टरांच्या हाती द्यायची, आणि ते सांगतील तितके तास तिथेच थांबायचं.

2018, लंडन

मृत्यूची चौकशी करणारे डॉ. शॉन कमिंग्ज पेनकडेच बोट दाखवतात. सुई 16 मिलिमीटरची, डोस 300 मायक्रोग्रॅम. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांची शिफारस मात्र 25 मिलिमीटर आणि 500 मायक्रोग्रॅमची होती. मांडीवर चरबीचा थर जाड असेल, तर आखूड सुई स्नायूपर्यंत पोहोचेलच असं नाही.

1 ऑक्टोबर 2021

‘नताशाचा कायदा’ लागू होतो. त्या दिवसापासून दुकानातच आधी बनवून वेष्टनात ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक लिहावे लागतात, आणि तीळ ठळक अक्षरांत.