आधी खाज की आधी चट्टा?

माझ्या मानेवर, कॉलर टेकते तिथे उजवीकडे, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा चट्टा आहे. कोड कंपाईल होत असताना डावा हात कीबोर्डवर आणि उजवा मानेवर, अशी माझी बसायची पद्धत आहे हे आईनं दाखवून दिलं तोवर दीड वर्ष झालं होतं. जवळच्या डॉक्टरांनी त्याला गजकर्ण ठरवून मिश्र मलम दिलं. मलमातल्या स्टेरॉइडनं खाज आठवडाभर थांबली आणि दुप्पट होऊन परतली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी खरवडून काचपट्टीवर पाहिलं, बुरशी नव्हती. गजकर्ण कडेनं पसरतं आणि मधून निवळतं. माझा चट्टा मधेच सर्वांत जाड होता आणि त्यावरच्या रेषा चामड्यासारख्या खोल गेल्या होत्या. "हा तुमच्या हातानं वाढवलेला आहे," त्या म्हणाल्या. कागदावर लिहिलं, लायकेन सिम्प्लेक्स क्रॉनिकस.

माझी चूक की माझा आजार, हे मला त्या नावावरून कळेना. म्हणून नाव कुठून आलं ते शोधत बसलो.

लायकेन म्हणजे दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातलं. ग्रीक वैद्य अंगावरच्या खरखरीत पुरळालाही हाच शब्द वापरत. पुढे त्यात इतके रोग कोंबले गेले की तो निरुपयोगी झाला. पॅरिसमध्ये सेंट-लुई हे त्वचारोगांचं मोठं रुग्णालय होतं. तिथल्या एमिल विदाल यांनी १८८६ साली या ढिगातून एक रोग वेगळा काढला : एकाच जागी राहणारा, जुनाट, जाड, खाजरा चट्टा. आपल्या नावातला 'साधा जुनाट' हा भाग त्यांचाच.

पण चट्टा आधी की खाज आधी, हा प्रश्न उरलाच. अनेक फ्रेंच वैद्यांना कातडीवरचं दुखणं म्हणजे शरीरातल्या मूळ दोषाचं बाहेर उमटलेलं रूप वाटे. व्हिएन्नाचे हेब्रा मात्र म्हणत, कातडीचा त्रास कातडीतच शोधा, खाजवणंही हिशेबात धरा. वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. ल्युसियाँ झाके यांनी तो पट्टीनं सोडवायचं ठरवलं. खाज सुटणाऱ्या रोग्यांच्या अंगाचा काही भाग त्यांनी कापूस आणि पट्ट्यांनी असा गुंडाळला, की नखं पोचू नयेत. झाकलेल्या जागी खाज होती, पण पुरळ उठला नाही. उघड्या जागी उठला. म्हणजे खाज मूळ, पुरळ तिचं फळ. (एक चल बांधून ठेवायचं आणि दुसरं मोकळं सोडायचं, आम्ही बग शोधतो तो याच रीतीनं.)

१८९१ साली लुई ब्रोक आणि झाके यांनी या चट्ट्याला नवं नाव दिलं, 'न्यूरोडर्माटायटिस'. रोगाचं मूळ मज्जातंतूंत, कातडी नुसती सोसणारी. खाजवून जाड झालेल्या कातडीला ब्रोक यांनी 'लायकेनिफिकेशन' म्हटलं. तो शब्द टिकला. पहिल्या नावाचं मात्र नंतर वाकडं झालं. 'न्यूरो'चा अर्थ मज्जातंतूंवरून घसरत मनावर आला, आणि रोगी 'चिंता करणारा' ठरू लागला. मलाही एका काकांनी "टेन्शन घेतोस म्हणून" असं सांगितलंच. ताणानं खाज वाढते हे खरं आहे, पण नुसत्या ताणानं चट्टा होत नाही. त्याला नखं लागतात.

ते १९५४ साली फार मजेशीर रीतीनं दिसलं. गोल्डब्लम आणि पायपर या दोन अमेरिकनांनी खाजवण्याचं यंत्रच बनवलं आणि कातडी पुन्हा पुन्हा खाजवून तिचं कृत्रिम लायकेनिफिकेशन घडवून आणलं. यंत्राला कसलं आलंय टेन्शन?

चक्र असं : खाजवलं की नखांची वेदना मज्जारज्जूत खाजेचा संदेश क्षणभर दाबते, म्हणून बरं वाटतं. घर्षणानं वरचा थर जाड होतो, तिथले तंतू अधिक संवेदनशील होतात, मग कॉलरचा स्पर्शही खाज वाटतो. म्हणून हे चट्टे हात सहज पोचतो तिथे असतात : मान, घोटा, मनगट. ब्रोक-झाके यांचं एक म्हणणं मात्र यंत्रानं खोडलं नाही. खाजवणाऱ्या प्रत्येकाला हा चट्टा होत नाही; ज्यांची कातडी मुळात कोरडी आणि ॲलर्जीची, त्यांना जास्त होतो. मला लहानपणी इसब होता.

बाईंनी तीव्र स्टेरॉइड मलम मोजक्या आठवड्यांसाठी दिलं, कारण जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते. वरून पट्टी, रात्री तर नक्कीच, कारण झोपेत हात कुणाचं ऐकत नाही. तिसऱ्या आठवड्यात चट्टा सपाट झाला, काळसर डाग राहिला. मग मला वाटलं बरं झालं, म्हणून पट्टी सोडली, आणि चार दिवसांत आईनं मागून हात धरला.

"परत?" ती म्हणाली.

पट्टी पुन्हा बांधली आहे. आत खाज आहे, झाके यांच्या रोग्यांना होती तशीच.