सूत्र पाठ, सिद्धता ऑप्शनला

वर्गसमीकरणाचं सूत्र मुलांकडून घोटून घ्यावं आणि त्याची सिद्धता ऑप्शनला टाकावी, असं दहावीला शिकवणारे अनेकजण मानतात. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सूत्र प्रत्येक वर्गसमीकरणाला लागू पडतं आणि आलेल्या किमती समीकरणात घालून ताळाही पाहता येतो. सिद्धतेत मात्र मध्येच ‘दोन्ही बाजूंत अमुक वर्ग मिळवू’ असं येतं. ते का, हे मुलांना उमगत नाही, म्हणून ती सिद्धताही पाठच करतात. मग नुसतं सूत्र पाठ केलं तर बिघडलं कुठे?

तो वर्ग आकाशातून पडत नाही, हे आधी पाहू. त्यासाठी श्रीधराचार्यांची रीत घेतो. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण ही रीत भास्कराचार्यांनी बीजगणितात त्यांच्या नावानिशी उद्धृत केली, म्हणून ती टिकली. समीकरण ax² + bx + c = 0, आणि a शून्य नाही. c उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना 4a ने गुणा:

4a²x² + 4abx = −4ac

4a शून्य नसल्यामुळे हा गुणाकार भागून परत फिरवता येतो. म्हणून इथे एकही मूळ हरवत नाही की नवं घुसत नाही. आता डावी बाजू (p + q)² च्या विस्ताराशेजारी ठेवा: p² + 2pq + q². पहिलं पद (2ax)² आहे, म्हणून p = 2ax घेऊ. मधलं पद 2pq म्हणजे 4abx, तेव्हा q ची किंमत b हीच असावी लागते. विस्तारातलं एकच पद आपल्याकडे नाही, ते म्हणजे b². ते दोन्ही बाजूंत मिळवलं की

(2ax + b)² = b² − 4ac

नुसत्या a ने गुणलं असतं तरी चाललं असतं, पण मग q म्हणून b/2 आला असता. त्या 4 चं काम अपूर्णांक टाळण्यापुरतंच आहे.

पुढच्या पायरीत जो ± येतो, त्याचं कारण अनेकदा चुकीचं सांगितलं जातं. ‘वर्गमुळाला दोन चिन्हं असतात’ हे खरं नाही. √49 म्हणजे फक्त 7. उजवी बाजू ऋण नसेल तर तिच्या वर्गमुळाला s म्हणू आणि 2ax + b ला y. मग y² − s² = 0, म्हणजेच (y − s)(y + s) = 0. गुणाकार शून्य असेल तर दोनपैकी एक अवयव शून्य असायलाच हवा; म्हणून y = s किंवा y = −s. तिसरा पर्याय उरत नाही. ताळ्याची मर्यादा इथे दिसते. ताळा सांगतो की ही संख्या मूळ आहे. याखेरीज आणखी मूळ नाही, हे तो सांगू शकत नाही. ते सिद्धताच सांगते. शेवटी b वजा करून संपूर्ण बाजूला 2a ने भागलं की सूत्र मिळतं:

x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a

आता 3x² − 5x − 2 = 0 घ्या. नुसतं सूत्र पाठ असलेला मुलगा −b च्या जागी −5 लिहितो आणि त्याला 1/3 आणि −2 ही मुळं मिळतात, म्हणजे दोन्ही चिन्हं उलटी. दुसरा b² म्हणून −25 लिहितो, विवेचक −1 काढतो आणि ‘वास्तव मुळे नाहीत’ म्हणून मोकळा होतो. तिसरा फक्त वर्गमुळाखाली 2a लिहितो आणि त्याचं उत्तर 5 ± 7/6 येतं. ताळा पाहिला तर पहिल्याची आणि तिसऱ्याची चूक पकडली जाईल, पण ती कुठे झाली हे कळणार नाही. दुसऱ्याकडे तर ताळा पाहायला किंमतच नाही.

हेच रीतीने करा. 12 ने गुणून 36x² − 60x = 24. दोन्हीकडे 25 मिळवून (6x − 5)² = 49. म्हणजे 6x − 5 = 7 किंवा −7; x = 2 किंवा −1/3. इथे −5 कंसातच राहतो, त्याचा वर्ग ऋण होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि 6 ने भागताना आख्खी बाजू भागली जाते.

शाळेत सहसा आधी a ने भागून पूर्ण वर्ग करतात. तीही रीत बरोबर आहे, फक्त एक जागा जपावी लागते. तिथे √(4a²) बेधडक 2a लिहिलं जातं. a ऋण असेल तर ते −2a असतं. उत्तर तरीही बिघडत नाही, कारण समोर ± असल्यामुळे दोन मुळांची फक्त अदलाबदल होते. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं पाहिजे. श्रीधराचार्यांच्या रीतीत 4a² चं वर्गमूळ काढावंच लागत नाही, म्हणून वर्गात मी तीच आधी दाखवीन.

विवेचक ऋण असताना वास्तव मुळं का नसतात, हेही मग वेगळा नियम म्हणून पाठ करावं लागत नाही: डावीकडे वास्तव संख्येचा वर्ग आहे, आणि तो ऋण संख्येइतका होऊच शकत नाही.