दूध तेच, फॅट वेगळी कशी? केंद्रावरचा आकडा असा वाचा

गायीच्या दुधाचा भाव जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून. फॅट म्हणजे दुधातली चरबी. एसएनएफ म्हणजे चरबी आणि पाणी सोडून उरणारा घट्ट भाग, त्यात प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार येतात. आकडा ३.५ वरून ३.४ झाला की एक पॉईंट कमी धरतात. समजा तुमच्या दरपत्रकात पॉईंटमागे ३० पैसे कपात आहे आणि तुमचं दूध ३.३ व ८.२ लागलं. मग पाच पॉईंट कमी, लिटरमागे दीड रुपया गेला. रोज दहा लिटर घालणाऱ्याचे महिन्याला साडेचारशे रुपये झाले.

आपल्याकडं बहुतेक केंद्रांवर आता छोटं मशीन असतं. ते नळीतून थोडं दूध ओढून घेतं, त्यातून ध्वनिलहरी सोडतं आणि लहरी किती वेगानं गेल्या यावरून फॅट व एसएनएफ दाखवतं. त्यामुळं दुधात हवेचे बुडबुडे असले, दूध फार गरम असलं किंवा नळीत आधीच्या म्हशीचं दूध राहिलं असलं, तर आकडा चुकतो. गाय आणि म्हैस यांची सेटिंगही वेगळी असते. गायीचं दूध म्हशीच्या सेटिंगवर लागलं तर तो आकडा धरता येत नाही.

जिथं अजून लॅक्टोमीटर वापरतात तिथं एसएनएफ हिशेबानं काढतात. लॅक्टोमीटरच्या आकड्याला ४ नं भागायचं, त्यात फॅटचा पाव भाग आणि ०.४४ मिळवायचे. (शेवटचा आकडा केंद्रागणिक थोडा बदलतो.) उदाहरणार्थ लॅक्टोमीटर २८.५ आणि फॅट ३.८ असेल तर ७.१२, ०.९५ आणि ०.४४ मिळून साधारण ८.५ होतात. तोच लॅक्टोमीटर २७.५ दाखवेल तर एसएनएफ ८.२६ वर येतं. म्हणजे एका पॉईंटनं एसएनएफचे अडीच पॉईंट गेले. लॅक्टोमीटर २७ अंशाला बरोबर असतो. नुकतं काढलेलं दूध ३५ अंशाच्या आसपास असतं, पातळ असतं, त्यात काडी जास्त बुडते आणि आकडा दीड-दोन पॉईंटनं कमी येतो. तापमानाची दुरुस्ती करूनच आकडा लिहायला पाहिजे. घाईत ती राहते.

आता माझ्या घरची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गायीची फॅट ३.१ वर आली. मला वाटलं मशीनच खोटं. मग एका सकाळी पहिलं लिटर वेगळं आणि शेवटचं लिटर वेगळं भांड्यात काढून त्याच केंद्रावर नेलं. पहिल्याची फॅट १.९ लागली, शेवटच्याची ६.४. एसएनएफ दोन्हीत जवळपास सारखंच. चरबी शेवटच्या धारेत जास्त उतरते आणि आम्ही शेवटची धार वासराला सोडत होतो. आता वासराला पान्ह्यापुरतं आधी लावतो, आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी राखतो, पण बाकीचे तीन पूर्ण काढतो. आठवड्यात फॅट ३.६ झाली. सकाळचं दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळचं उलट, हे तर नेहमीचंच आहे, कारण रात्रीचं अंतर मोठं असतं.

त्यामुळं चिठ्ठीवर दोन्ही आकडे एकत्र बघा. एकट्या फॅटची घट असेल तर अर्धवट धार, नीट न ढवळलेला कॅन, किंवा कडबा कमी नि पेंड जास्त अशी वैरण, यात शोधा. कॅनमध्ये साय वर येते, वरचा नमुना घेतला की फॅट वाढते, खालचा घेतला की पडते. एकटं एसएनएफ पडलं तर तापमान, कासदाह किंवा उपाशी पडलेलं जनावर बघा. एखाद्या सडाचं दूध फुटकं, खारट लागत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.

दोन्ही एकाच प्रमाणात पडले तर पाणी. मुद्दाम घातलेलंच असं नाही. कॅन धुऊन पालथा न घालता दूध ओतलं की तळाचं पाणी मिसळतं. दहा लिटरात अर्धा लिटर पाणी राहिलं तर ३.६ ची फॅट ३.४ आणि ८.६ चं एसएनएफ ८.२ होतं.

शंका आली तर भांडू नका, त्याच नमुन्याची दुसऱ्यांदा तपासणी मागा. आधी मशीन पाण्यानं धुवायला सांगा, नमुना हलक्या हातानं हलवा, फेस बसू द्या. दोन्ही वेळचे आकडे एखाद्या पॉईंटपेक्षा जास्त वेगळे आले, तर मशीनची दुरुस्ती राहिलेली आहे. अशा वेळी संघाच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीनं फॅट काढून घ्या. त्यात १०.७५ मिली दूध, १० मिली गंधकाम्ल आणि १ मिली अमाइल अल्कोहोल काचेच्या नळीत घालून फिरवतात, आणि वर आलेली चरबी सरळ डोळ्यांनी मोजतात. मशीनही याच पद्धतीशी ताडून बसवलेलं असतं. वजनकाट्याची तक्रार मात्र वैधमापन शास्त्र विभागाकडं करायची.