ट्रायाज : लाल, पिवळा, हिरवा, काळा, अपघातस्थळी रुग्णाचा रंग कसा ठरतो?

धार/देवास : धार जिल्ह्यातला खलघाटचा पूल आपल्याकडच्या लोकांना वेगळा सांगायला नको. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी तिथूनच नर्मदेत कोसळली होती. त्याच रस्त्यावर धामनोदजवळचा गणपती घाट आहे. उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी जखमी पंधरा आणि हाताशी १०८ची एकच गाडी असेल, तर आधी कोणाला न्यायचं? हे ठरवण्याच्या पद्धतीला ट्रायाज म्हणतात. नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे, पण महामार्गावरच्या गावकऱ्यांनीही वाचावं.

सर्वांत सोपी आणि जगभर चालणारी पद्धत म्हणजे 'स्टार्ट'. ती १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. एका रुग्णाला साधारण अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट द्यायचं. रोग कोणता हे शोधायचं नाही. चाल, श्वास, नाडी आणि शुद्ध, एवढंच या क्रमाने बघायचं. मध्ये उपचार दोनच: श्वासाचा मार्ग मोकळा करणे आणि वाहतं रक्त थांबवणे.

समजा गणपती घाटात रात्री मिनी बस उलटली (उदाहरण काल्पनिक आहे). चालकासह चौदा जण. पहिली हाक मोठ्याने द्यायची : "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या!" नऊ जण गेले. ते सगळे सध्या हिरवे. उरले पाच.

चालक सर्वांत जास्त ओरडतोय, मांडीचं हाड मोडलंय. श्वास मिनिटाला २४, मनगटाची नाडी लागते, "माझा हात दाबा" म्हटलं तर दाबतो. म्हणून पिवळा. थोडा वेळ थांबू शकतो. त्याच्या शेजारी एक बाई गप्प बसल्यात, अंगावर जखम दिसत नाही. पण श्वास मोजला तर ३६. तीसच्या वर गेला की लाल, पुढचं काही तपासायची गरज नाही. नवशिके नेमके इथे चुकतात. आरडाओरडा ऐकून ते चालकाकडे धावतात. ज्याला ओरडता येतं त्याचा श्वास निदान चालू असतो, हे लक्षात ठेवा.

तिसरा तरुण श्वासच घेत नव्हता. मान फारशी न हलवता जबडा पुढे उचलला आणि श्वास सुरू झाला. लाल. चौथ्याचा श्वास २२, शुद्धीवर आहे, पण दंडातून रक्त वाहतंय आणि मनगटाची नाडी लागत नाही. जखम घट्ट दाबून बांधली, लाल पट्टी लावली. नखाचा रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तरी लालच; पण अंधारात आणि थंडीत ही खूण फसवते, नाडी जास्त भरवशाची.

पाचवे आजोबा. मार्ग मोकळा करूनही श्वास नाही. त्यांना काळी पट्टी. नातेवाईक हात धरून विनवतात, "आधी यांना बघा ना." या कामातला हाच सर्वांत कठीण क्षण. आपण दोघंच आहोत आणि तीन लाल वाट बघतायत. छाती दाबत बसलो तर ते तिघे जातील. पण काळी पट्टी म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, तो डॉक्टरच देतात.

लहान मुलांना मात्र हे आकडे लावू नका. मूल श्वास घेत नसेल पण नाडी लागत असेल, तर आधी पाच वेळा श्वास देऊन बघायचा, मगच रंग ठरवायचा.

परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो इथे : रोजच्या कॅज्युअल्टीत काळ्या रंगाचा हा नियम लागत नाही. धार किंवा देवासच्या जिल्हा रुग्णालयात श्वास थांबलेला एकच रुग्ण आला, तर तो लालच आणि सीपीआर लगेच सुरू. काळा रंग माणसं कमी आणि जखमी जास्त असतानाच.

आता गाडी आली. तीनही लाल एकाच छोट्या दवाखान्यात ओतले तर गर्दी फक्त जागा बदलते. त्यामुळे कोण धामनोदला थांबवायचं आणि कोण इंदूरच्या एमवायला, हे निघण्यापूर्वी फोनवर ठरवावं लागतं.

आणि झाडाखालचे नऊ जण? त्यांना परत बघायचं. अर्ध्या तासाने त्यातला एक पोट धरून बसला, अंग गार, नाडी लागेना. पोटात रक्तस्राव होत असणार. त्याची हिरवी पट्टी काढून लाल लावली आणि पुढच्या गाडीत त्याचा पहिला नंबर लागला.