कोथिंबिरीच्या काढ्याने किडनी ‘साफ’ होते का? किडनीचा आजार आणि झाडपाल्याची औषधं

कोथिंबिरीची एक जुडी चिरायची, दहा मिनिटं पाण्यात उकळायची, गाळून रोज एक ग्लास प्यायची, म्हणजे किडनीतली सगळी घाण निघून जाते, अशा अर्थाचा मेसेज गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कधी कोथिंबिरीच्या जागी शेवग्याचा पाला असतो, कधी पुनर्नवा म्हणजे घेटुळी, कधी गोखरू म्हणजे सराटा. मेसेजच्या शेवटी ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य ठरलेलं.

किडनी धडधाकट असलेल्या माणसाने हे पाणी प्यायलं तर सहसा काही बिघडत नाही. पण असा मेसेज मनावर घेतो कोण? ज्याचं क्रिएटिनिन वाढलं आहे तो, किंवा त्याच्या घरचे. आणि धोका नेमका त्यालाच आहे.

किडनीत ‘घाण’ साचते का?

नाही. किडनी ही गाळ साचणारी टाकी नाही. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. किडनीचा जुनाट आजार म्हणजे या गाळण्या कायमच्या निकामी होत जाणं. मधुमेह आणि ब्लड प्रेशर ही त्याची सर्वांत मोठी कारणं. मेलेली गाळणी काढ्याने धुऊन निघत नाही.

काही वनस्पतींनी लघवी जास्त होते, हे खरं आहे. पुनर्नवा त्यासाठीच ओळखली जाते. पायावरची सूज थोडी उतरते आणि माणसाला बरंही वाटतं. पण जास्त लघवी झाली म्हणजे जास्त कचरा बाहेर पडला, असं नाही. पाणी निघून जातं, क्रिएटिनिन मात्र तिथंच राहू शकतं.

जे पाणी फेकायचं, तेच प्यायचं?

किडनीच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं की आहारतज्ज्ञ एक युक्ती शिकवतात. पालेभाजी किंवा बटाटा बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे भाजीतला बराच भाग त्या पाण्यात उतरतो.

आता व्हॉट्सॲपची कृती पुन्हा वाचा. बारीक चिरा, उकळा, गाळा. कृती तीच आहे. फरक एवढाच की पाला टाकून द्यायचा आणि पाणी प्यायचं. म्हणजे रुग्णाने जे टाळायचं, तेच त्याच्या ग्लासात येतं.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम कोथिंबिरीत सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. उकळल्यावर त्यातलं निम्मं पाण्यात उतरलं असं धरलं, तर एका ग्लासात २५० मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ घेतलं तर ५००. त्याच घरात ‘किडनीला थंडावा’ म्हणून रोज एक शहाळं आणलं जातं. त्यातल्या ३०० मिलिलिटर पाण्यात आणखी ६०० ते ७५० मिलिग्रॅम असतं. दिवसाचं जेवण अजून धरलेलंच नाही, आणि आकडा ११०० ते १२५० पर्यंत गेला. ज्याचं पोटॅशियम वाढलं आहे, अशा रुग्णाला जेवणासकट दिवसभरात अनेकदा २००० च्या आसपासच थांबायला सांगितलेलं असतं.

भाजीवर भुरभुरलेली चिमूटभर कोथिंबीर या हिशेबात येत नाही, तिला घाबरायचं कारण नाही. प्रश्न जुडीभर पाल्याचा अर्क रोज पिण्याचा आहे.

पोटॅशियम वाढलं तर काय होतं?

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. जास्तीचं बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडनीच करते. ती थकली की पोटॅशियम रक्तात साठतं. आकडा ५.५ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. ६.५ च्या वर गेला तर ती आणीबाणी असते, कारण हृदयाच्या ठोक्याची वीज पोटॅशियमवर चालते. ठोके संथ आणि अनियमित होतात, कधी हृदय थांबतंही.

अडचण अशी की बऱ्याच जणांना आधी काहीच जाणवत नाही. पायातली ताकद गेल्यासारखी वाटणं, छातीत धडधडणं, चक्कर येणं, एवढीच काय ती सूचना असते, आणि तीही प्रत्येकाला मिळत नाही. खात्री रक्ताच्या तपासणीतून आणि ईसीजीवरूनच होते.

यात गोळ्यांचाही भाग आहे. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी आणि हृदयासाठी नेहमी दिली जाणारी औषधं. पहिली दोन किडनीचा ऱ्हासही लांबवतात. पण ही तिन्ही औषधं पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. डॉक्टर ते लक्षात घेऊन डोस ठरवतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. काढा त्यांना माहीत नसेल, तर वाढलेल्या आकड्याचा दोष गोळीवर जातो आणि उपयोगाची गोळी बंद होते. म्हणून ही औषधं स्वतःहून थांबवायची नाहीत, पण काढ्याची गोष्टही लपवायची नाही.

किडनीच निकामी करणाऱ्या वनस्पती कोणत्या?

इथपर्यंत गोष्ट आधीच आजारी असलेल्या किडनीची झाली. काही वनस्पती मात्र चांगल्या किडनीलाही मारतात, आणि त्यातली एक आपल्याच बांधावर उगवते.

मानवत, पाथरी, सेलू हा परभणी जिल्ह्यातला काळ्या जमिनीचा, कापसाचा पट्टा. दख्खनच्या अशा काळ्या रानात जमिनीलगत पसरणारी एक वेल तणासारखी येते. पानं राखट हिरवी, किडनीच्या आकाराची. फूल जांभळट काळं, तुतारीसारखं. चुरगळलं की उग्र वास. तिला किडामारी किंवा किडामार म्हणतात, कारण जंतावर ती देण्याची जुनी पद्धत आहे. सापाच्या विषावर उतारा म्हणून ओळखली जाणारी सापसंद, म्हणजे ईश्वरी, तिचीच बहीण. दोघी अरिस्टोलोकिया या कुळातल्या, आणि दोघींत अरिस्टोलोकिक आम्ल असतं.

हे आम्ल काय करतं, ते जगाला कळलं बेल्जियममध्ये. ब्रसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकने १९९० पासून गोळ्यांमध्ये चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात केली. ठरलेली वनस्पती स्टेफानिया होती. चिनी भाषेत तिचं नाव अरिस्टोलोकियाच्या एका जातीच्या नावाशी इतकं जुळतं, की पुरवठ्यात अदलाबदल झाली. किडनी निकामी झालेल्या तरुण बायका एकापाठोपाठ एक दवाखान्यात येऊ लागल्या, आणि १९९३ मध्ये डॉक्टरांनी हा प्रकार जगासमोर मांडला. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली आणि त्यातल्या बहुतेकींना डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपण करावं लागलं. कर्करोगाच्या भीतीने निकामी किडन्या काढून घेतलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अरिस्टोलोकिक आम्लाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, पाला बंद केल्यावरही नुकसान थांबेलच असं नाही. किडनीत सुरू झालेला कठीण व्रण पुढे पसरत राहू शकतो. दुसरी, विष पोटात गेलं ते नावाच्या घोटाळ्यातून. असा घोटाळा आपल्याकडेही सहज होतो. मुतखड्यावर दिला जाणारा ‘पाषाणभेद’ घ्या. एका भागात त्या नावाने पानफुटी देतात, तर दुसरीकडे भलत्याच झाडाचं मूळ. पुडीत वाळलेली पूड असेल तर ती कशाची आहे, हे नजरेने सांगता येत नाही. गोखरूचे काटे ओळखता येतात, गोखरूची पूड नाही.

पण काढ्याने क्रिएटिनिन उतरलं, त्याचं काय?

असे अनुभव लोक खोटं बोलून सांगत नाहीत. आकडा खरोखर उतरलेला असतो, फक्त कारण वेगळं असतं.

समजा एकाचं क्रिएटिनिन १.६ होतं. एप्रिल-मेच्या उन्हात जुलाब लागले, अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या झाल्या आणि क्रिएटिनिन २.८ वर गेलं. घाबरून घरच्यांनी काढा सुरू केला. दरम्यान सलाइन लागलं, जुलाब थांबले, वेदनाशामक बंद झाले. पंधरा दिवसांनी आकडा १.८. श्रेय काढ्याला गेलं. प्रत्यक्षात पाणी कमी पडल्यामुळे आलेली तात्पुरती वाढ ओसरली होती. मूळचा आजार होता तसाच राहिला, उलट थोडा पुढे सरकला.

दुसरं कारण अधिक फसवं आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. जेवण तुटून अंग वाळलं की आकडा किडनी न सुधारताही कमी दिसतो. म्हणून एका आकड्यावर निकाल लावू नका. ईजीएफआर, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन सोबत पाहावं लागतं, तेही काही महिन्यांच्या अंतराने. शिवाय किडनीचं काम जवळपास निम्मं घटेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलही दिसू शकतं. ‘पाला घेतो, पण रिपोर्ट चांगला आहे’ ही खात्री त्यामुळे पुरेशी नाही.

आधीच घेतला असेल तर?

किडनीचा आजार असेल तर काढा किंवा पूड थांबवा आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्या. पायात बळ नाही, धडधड होते, दम लागतो किंवा लघवी एकदम कमी झाली, यातलं काहीही असेल तर तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

जाताना उरलेली पुडी, पाला किंवा बाटली सोबत न्या. काय घेतलं, किती, किती दिवस, हे सांगा. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा, आपले किडनीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी त्यांना दाखवा, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी किडनीच्या डॉक्टरांनाही दाखवा.

पोटॅशियमचं पथ्यही सरसकट प्रत्येक किडनी रुग्णाला लागू नसतं. ज्यांचा आकडा नॉर्मल आहे त्यांनी घाबरून भाज्या-फळं सोडायची गरज नाही. तुमचा आकडा किती आहे, हे रिपोर्टवर लिहिलेलं असतं. मेसेज पाठवणाऱ्याला तो माहीत नसतो.