आठ ग्लासांची कुळकथा

थंडी सुरू झाली की शिराळ्यात नडग्या उलतात. नखानं ओढलं की पांढरी रेघ उठते. मग कुणीतरी म्हणतंच, "पाणी कमी पितेस गं, दिवसाला आठ ग्लास पी, कातडी उजळेल."

हा आठाचा आकडा बहुधा १९४५ सालच्या अमेरिकेतून आला. तिथल्या अन्न व पोषण मंडळानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, असं लिहिलं. लगेच पुढे म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, पुढचं सांडलं. १९७४ साली फ्रेडरिक स्टेअर यांनी सहा ते आठ ग्लासांचा उल्लेख केला, पण त्यात चहा, कॉफी, दूधही धरलं होतं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञानं सगळं धुंडाळलं. निरोगी माणसानं आठ ग्लास साधं पाणी प्यायलाच हवं, याला त्यांना शास्त्रीय आधार सापडला नाही.

आपलंच जेवण मोजून पाहा. तीनशे ग्रॅम भातात दोनशे मिली पाणी असतं. अर्धा लिटर ताक, दोन कप चहा आणि वाटीभर आमटी धरली तर दिवसाला जवळजवळ लिटरभर पाणी तांब्याला हात न लावता पोटात जातं. भाकरी-भाजीतलं वेगळंच.

मग नडगी का उलते? अंगातलं पाणी कमी होणं आणि त्वचा कोरडी पडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तोंड सुकतं, लघवी गडद होते. दुसरीत तसं काही होत नाही. फक्त वरच्या थरातलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं. ते वरून झाकल्यानं थांबतं. २०१८ च्या एका आढाव्यात जास्त पाणी प्यायल्यानं त्वचेचा ओलावा किंचित वाढलेला दिसला, तोही मुळात कमी पिणाऱ्यांत, आणि ते अभ्यासही कच्चेच होते. पाण्यानं सुरकुत्या जातात, याला पुरावा नाही. खोबरेल मात्र फिलिपिन्समधल्या २००४ च्या चाचणीत कोरड्या त्वचेवर खनिज तेलाइतकंच उपयोगी ठरलं.

झोप झाली नाही की चेहरा उतरतो, हे म्हणणंही बरंच खरं आहे. स्वीडनमध्ये २०१० साली २३ जणांचे फोटो काढले, एकदा झोप झाल्यावर आणि एकदा ३१ तास जागल्यावर. पाहणाऱ्यांना जागलेले चेहरे थकलेले, आजारी वाटले. पण तो एका जागरणाचा परिणाम, सुरकुत्यांचा हिशोब नव्हे. आहारानं त्वचा सुधारते, याला मुरुमांपुरता आधार आहे: साखर-मैदा कमी केलेल्या तरुणांचे मुरूम बारा आठवड्यांत इतरांपेक्षा जास्त घटले.

उन्हात भांगलणीला जाणाऱ्यानं भरपूर प्यावं, मुतखडा झालेल्यानंही. हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णानं डॉक्टर सांगतील तेवढंच. बाकीच्यांनी तहानेला प्यावं, आणि थंडीत अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच नडग्यांना खोबरेल चोळावं.