फिरतीचा भत्ता

सरकारी नोकरीच्या मूलभूत नियमांत चव्वेचाळिसावा नियम आहे. भरपाई म्हणून दिलेला भत्ता असा ठरवावा की एकंदरीत तो घेणाऱ्याच्या नफ्याचे साधन होऊ नये. हे नियम 1922 सालचे, इंग्रजांचे. वाचायला रास्त वाटतो. पण तो नीट वाचा. भत्त्यात नफा होऊ नये एवढे तो सांगतो, तोटा होऊ नये असे काही सांगत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फिरतीची नोकरी करणाऱ्यांचा सगळा इतिहास या न लिहिलेल्या अर्ध्या वाक्यात आहे, असे माझे मत.

मूळ नियम कोणासाठी झाले ते पाहिले की पुढचे समजते. साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघे. तंबू, बैलगाड्या, घोडा, खानसामा असा सगळा लवाजमा बरोबर. त्याच्यासाठी मैलभत्ता आणि दैनिक भत्ता. ज्याला सतत फिरावेच लागते त्याच्यासाठी दरमहा ठरावीक, म्हणजे कायम प्रवासभत्ता. घोडा ठेवणाऱ्याला घोड्याचा भत्ता. पुढे 1956 पर्यंत मध्य प्रदेशात असलेला आमचा चांदा जिल्हा द्विभाषिक मुंबईत आला, 1960 साली महाराष्ट्रात आला, 1959 चे मुंबई नागरी सेवा नियम लागू झाले आणि 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. कागदावरची नावे बदलली, साचा तोच राहिला. घोडा जाऊन सायकल आली, सायकल जाऊन फटफटी. फरक एवढाच की घोडेवाल्या साहेबाचे घर त्या भत्त्यावर चालत नव्हते.

आमचे भाऊजी सत्तरच्या दशकात शिक्षण विस्तार अधिकारी होते. तेव्हा गडचिरोली वेगळा झाला नव्हता (तो झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी), आणि सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवून चंद्रपूरला यावे लागे. त्यांच्याकडून आणि मुख्यतः ताईकडून मला या भत्त्याची खरी रीत कळली. ताई हिशेबाची वही ठेवी.

आता भत्त्याची चाल पाहा. दैनिक भत्त्यासाठी माणूस मुख्यालयापासून पाच मैलांच्या, आताच्या भाषेत आठ किलोमीटरच्या, त्रिज्येबाहेर जायला हवा. त्रिज्या म्हणजे नकाशावरची सरळ रेषा. शहरात हे चालून जाते. आमच्याकडे मध्ये नदी असते. पलीकडचे गाव सरळ रेषेत सात किलोमीटर, पण पावसाळ्यात पुलावरून वळसा घालून जायचे तर वीस. दिवस पुरा गेला, पाठ मोडली, आणि भत्ता मात्र शून्य. दुसरी अट सर्वांत जवळच्या मार्गाची. या अटीची व्याख्या मात्र शहाणपणाची आहे. नेहमीच्या साधनांनी जिथून सर्वांत लवकर पोचता येईल तो जवळचा मार्ग, असे केंद्राचे पुरवणी नियम म्हणतात. शंका आली तर सक्षम अधिकाऱ्याने ठरवायचे. भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की रस्ता बंद पडतो, हे पावसाळ्यात तिथे फिरणाऱ्या सर्वांना ठाऊक असते. पण बिल तपासणारा कारकून पंखा लावून बसलेला असतो, त्याच्यापुढे अंतराचा तक्ता असतो, आणि तक्त्यात पूर नसतो. म्हणून भाऊजींची रीत अशी की रस्ता बंद असल्याचा दाखला त्याच दिवशी सरपंच किंवा पोलीस ठाण्याकडून घ्यायचा आणि दैनंदिनीत तारखेसह नोंद करायची. महिन्याने आणलेल्या दाखल्याला कोणी विचारत नाही.

उशीर कुठे होतो? लोकांना वाटते की कारकून अडवतो. तोही अडवतो, पण खरी अडचण वेगळी. आधी फिरती कार्यक्रम मंजूर हवा. मग दैनंदिनी, मग बिल, मग नियंत्रक अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. इतके सगळे झाले तरी प्रवासखर्चाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक हवेत. ते वर्षाच्या सुरुवातीला थोडे येतात, दिवाळीच्या आत संपतात, आणि पुढचे येतात मार्च महिन्यात. तेव्हा पुढे असलेली बिले निघतात, उरलेली नव्या वर्षाच्या मागणीत जातात. भाऊजींची काही बिले दीड वर्षाने निघाली. कोणते कार्यालय ते सांगत नाही, नाव बदलले तरी गोष्ट तीच राहील.

आजच्या आकड्यांत सांगतो. समजा एखादा तरुण महिन्यात बारा दिवस फिरतो, रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. म्हणजे 600 किलोमीटर. त्याची दुचाकी लिटरला 45 धावते असे धरा, पेट्रोल 105 रुपये. तेलाचे झाले 1400. टायर, चेन, सर्व्हिसिंग यांचा किलोमीटरला रुपया धरला (जंगलातल्या रस्त्यांवर हे कमीच आहे) तर आणखी 600. म्हणजे दरमहा 2000. बिल तीन महिन्यांनी निघाले तर 6000 रुपये त्याने सरकारला बिनव्याजी उसने दिले. अकरा महिन्यांनी निघाले तर 22,000. या रकमेचे व्याज कोण देणार? किराणा दुकानदार तर उधारीवर थांबत नाही.

आणि कायम प्रवासभत्ता असेल तर? बिलाची कटकट नाही, दर महिन्याला पगारात पैसे. पण यातली गंमत ध्यानात घ्या. तो फिरलात तरी तेवढाच, न फिरलात तरी तेवढाच. महिन्यातून तीनदा जाणाऱ्याला पैसे उरतात, वीसदा जाणाऱ्याचे खिशातून जातात. कामचुकाराला बक्षीस आणि कष्टाळूला दंड, असा हा भत्ता. दर ठरवताना वीस वर्षांपूर्वीचे पेट्रोल डोळ्यापुढे असते ते वेगळेच. नोकरी घेताना भत्त्याचा आकडा सगळे विचारतात. त्याला अपेक्षित दिवसांनी भागून एका दिवसाला काय पडते ते पाहणारे फार थोडे.

गाडीचे तसेच. जाहिरातीत असते दुचाकी चालवण्याचा परवाना हवा, आणि त्याचा अर्थ दुचाकी तुमची. पूर्वी सायकलीला निदान सरकारी अग्रिम मिळे. केंद्राने सातव्या वेतन आयोगानंतर, 2016 साली, सायकल आणि मोटारसायकलीचे अग्रिम बंद केले. नक्षलग्रस्त भागात 2002 पासून मिळणारी एकस्तर वेतनश्रेणी आहे, पण ती तिथे राहण्याबद्दल आहे, फिरण्याबद्दल नाही. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात आणि पगार जास्त दिसला म्हणून प्रवासाचा हिशेबच करत नाहीत.

घराचा खर्च मात्र कुठल्याच बिलात बसत नाही. मुले शिकायला चंद्रपूरला, भाऊजी अहेरीकडे, म्हणजे दोन चुली. ताईच्या वहीत एक रकाना होता, 'हे घरी'. त्यात फक्त टिंबे असत. 1978 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मिळून नऊ टिंबे होती. धाकटा भाचा तेव्हा चार वर्षांचा. वडील आले की तो आधी त्यांच्या पिशवीला ओळखे, मग त्यांना. ताईने कधी तक्रार केली नाही असे मी लिहिणार नाही. तिने पुष्कळ केली, आणि बरोबर केली.

परवा शेजारचा मुलगा अशाच फिरतीच्या नोकरीचे पत्र घेऊन आला. मी त्याला विचारायला सांगितले की मुख्यालय नेमके कोणते गाव धरणार, कारण आठ किलोमीटर तिथून मोजतात. मागच्या वर्षीची बिले कोणत्या महिन्यात निघाली, हे साहेबाला नव्हे, तिथल्या जुन्या माणसाला विचार. रात्रीचा मुक्काम किती, आणि तो शाळेत की विश्रामगृहात. बिल लगेच टाक, साचवू नकोस. केंद्राच्या खात्यांत पूर्वी वर्षभराची मुदत होती, 2018 पासून दौऱ्याच्या बिलाला साठ दिवसच आहेत. त्याने सगळे मोबाईलमध्ये टिपून घेतले आणि विचारले, "काका, पावसाळ्यात किती दिवस घरी येता येईल?" ते मात्र त्याला तिथल्या नद्यांनाच विचारावे लागेल.